वेतन तपासणीनंतर विमा कंपनीने १,१४,८३८ रुपये जादा हप्ता मागितला आहे, उत्तर कसं लिहू?

अनघा_अंबड | १० जून २०२४, रात्री ९:५०

नमस्कार. नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. लोखंडी शेड बनवतो आणि साइटवर जाऊन उभ्या करतो. फर्म मिस्टरांच्या नावाने प्रोप्रायटरी आहे, हिशेब आणि कागदपत्रं मी बघते.

आमची कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ अशी होती. घेताना ११ कामगारांचा वर्षाचा पगार ३३ लाख दाखवला होता, दर हजारी १२ रुपये. मे महिन्यात कंपनीने नेमलेले एक गृहस्थ तपासणीला आले. ताळेबंद आणि नफातोटा पत्रक मागितलं, मी दिलं. तासाभरात फोटो काढून गेले. ३ जूनला पत्र आलं, त्यातले आकडे असे:

पगार व मजुरी ७६,६०,०००, पैकी घोषित ३३,००,०००, फरक ४३,६०,०००, हजारी १२ प्रमाणे ५२,३२० रुपये.
जॉब व इरेक्शन खर्च १८,००,०००, पैकी घोषित ३,००,०००, फरक १५,००,०००, हजारी ३० प्रमाणे ४५,००० रुपये.
एकूण ९७,३२०, जीएसटीसह १,१४,८३८. पंधरा दिवसांत भरा.

पगार वाढले होते आणि आम्ही ते कळवले नाहीत, हे मला मान्य आहे. पण इतका फरक कसा निघाला ते कळत नाही. एजंट म्हणतात, "भरून टाका वहिनी, नाहीतर या वर्षीच्या पॉलिसीला त्रास होईल." सगळे पैसे भरायची ऐपत आत्ता नाही, आणि जे लागू नाही ते भरायची इच्छाही नाही. उत्तरात काय लिहू?

---

मेघा_पीएफ | १० जून, रात्री १०:१५

ताई, ईएसआयची नोटीस आली की घाबरू नका. आधी सुनावणी मिळते, तुम्ही रेकॉर्ड घेऊन जायचं आणि मुदतवाढ मागायची. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. इन्स्पेक्टरने ठेकेदाराच्या बिलावर वर्गणी लावली होती, ती बरीच कमी करून मिळाली.

अनघा_अंबड | १० जून, रात्री १०:२२

मेघाताई, ही ईएसआयची नोटीस नाही, खाजगी विमा कंपनीचं पत्र आहे. ईएसआय आमचं वेगळं आहे आणि वेळेवर भरतो. १५ जण ईएसआयमध्ये आहेत.

---

जुना_अंडररायटर | ११ जून, सकाळी ७:०५

अनघाताई, शेवटच्या ओळीत तुम्ही जे सहज लिहिलंत तिथेच तुमचे सगळ्यात जास्त पैसे आहेत.

मी विमा कंपनीत २७ वर्षं याच खात्यात होतो. तपासणीला येणारा माणूस घाईत असला की नफातोटा पत्रकातली "पगार" आणि "मजुरी" ही शीर्षकं उचलतो, त्यातून घोषित रक्कम वजा करतो आणि उरलेल्यावर दर लावतो. तुमच्या पत्रातले आकडे असे गोल आहेत म्हणजे तसंच झालं असणार. पण पॉलिसी नफातोटा पत्रकावर नसते. परिशिष्टात जे कामगार लिहिले आहेत त्यांच्या वेतनावर असते.

पंधरा जण ईएसआयमध्ये आहेत ना? ईएसआय कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे ईएसआयमधल्या कामगाराला कामावरच्या दुखापतीसाठी १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली मालकाकडून भरपाई घेता येत नाही. तुमच्यावर ती जबाबदारीच नाही, मग कंपनी कसला विमा देणार आणि हप्ता कशाचा घेणार? म्हणूनच तुम्ही फक्त २१,००० च्या वरचे ११ जण घातले होते.

आता तीन गोष्टी बघून सांगा. एक, ७६.६० लाखांत कोणाकोणाचा पगार आणि आणखी काय काय बसलं आहे. दोन, पॉलिसीच्या परिशिष्टात ठेकेदाराच्या कामगारांबद्दल काय लिहिलं आहे. ३ लाख घोषित दिसतात, म्हणजे काहीतरी आहे. तीन, "वेतन" शब्दाचा अर्थ पॉलिसीत कसा दिला आहे. पुस्तिकेच्या मागच्या पानांवर असतो.

---

वाऱ्यावरचा | ११ जून, सकाळी ९:३०

काही उत्तर देऊ नका. पॉलिसी ३१ मार्चला संपली. संपलेल्या पॉलिसीचे पैसे मागायचा त्यांना हक्कच नाही.

जुना_अंडररायटर | ११ जून, सकाळी ११:१०

हा सल्ला ऐकू नका. या पॉलिसीचा हप्ता सुरुवातीला अंदाजे पगारावर घेतलेला असतो. मुदत संपल्यावर एका महिन्यात प्रत्यक्ष वेतनाचा हिशेब द्यायचा आणि जास्त-कमी भरायचं किंवा परत घ्यायचं, ही अटच असते. ती मुदत संपल्यावरच लागू होते. ताई, एप्रिलमध्ये तुम्ही तो हिशेब दिला होता का? नसेल तर उत्तरात ते सरळ कबूल करा. लपवलंत तर बाकीच्या मुद्द्यांचं वजन जातं.

आणखी एक. गेल्या वर्षीच्या अपघाताचा दावा कामगार दोन वर्षांपर्यंत आणू शकतो. कोणाला काही लागलं असेल आणि ते उद्या पुढे आलं, तर याच पॉलिसीकडे जावं लागेल. तेव्हा ती भांडणात अडकलेली नको.

---

पिंपळगावकर | ११ जून, दुपारी १:४०

ताई, दोन मुद्दे घाला. ओव्हरटाइम वेतनात धरत नाहीत, तो काढून टाका. आणि भरपाई मोजताना सरकारने महिना १५,००० ची मर्यादा घातली आहे, त्यामुळे हप्ताही १५,००० वरच लागतो. तुमच्या ११ जणांचं १५,००० ने फक्त १९.८० लाख होतं. उलट त्यांनीच तुम्हाला पैसे परत द्यायला हवेत!

---

राजाभाऊ_इचलकरंजी | ११ जून, दुपारी ४:२०

माझं ऐका. मी यंत्रमागवाला. मी १४,००० पगार देत होतो आणि पॉलिसीत ८,००० लिहिला होता, एजंटने सांगितलं म्हणून. एका पोराची दोन बोटं गेली. कंपनीने आठास चौदा या प्रमाणातच पैसे दिले, बाकीचे मी घरातून भरले. पोराच्या वडिलांसमोर मान वर करता आली नाही. हप्ता वाचवायच्या नादात पगार कमी दाखवू नका, एवढंच सांगतो.

अनघा_अंबड | ११ जून, संध्याकाळी ६:००

राजाभाऊ, वाचून वाईट वाटलं. म्हणूनच जे खरं लागतं ते भरायचं आहे.

---

जुना_अंडररायटर | ११ जून, रात्री ८:३०

पिंपळगावकर, १५,००० ची मर्यादा खरी आहे, ३ जानेवारी २०२० पासून आहे. पण ती भरपाई मोजण्यासाठी. हप्ता प्रत्यक्ष वेतनावर असतो. एखाद्या पॉलिसीत "माणशी इतक्या वेतनापर्यंत" असं स्पष्ट लिहिलं असेल तरच हप्त्याला मर्यादा लागते. यात मालकावर अन्याय होतो असं मलाही वाटतं, नोकरीत असतानाही वाटायचं. पण तो मुद्दा पॉलिसी घेताना मांडायचा, वर्ष संपल्यावर टिकत नाही.

ओव्हरटाइमचं उलट आहे. नुकसानभरपाई कायद्यातल्या वेतनाच्या व्याख्येत पैशांत मोजता येणारा प्रत्येक लाभ येतो. वगळलेलं फार थोडं आहे: प्रवासभत्ता किंवा प्रवास सवलत, मालकाने भरलेली पेन्शन किंवा पीएफची वर्गणी, आणि कामाच्या स्वरूपामुळे कामगाराला येणारा खास खर्च भागवायला दिलेली रक्कम. ओव्हरटाइम त्यात नाही. तो काढलात तर कंपनी तेवढाच मुद्दा पकडून बाकी सगळं बाजूला टाकेल.

---

अनघा_अंबड | १२ जून, रात्री १०:४०

दोन दिवस कपाटं उपसली. काका, तुम्ही विचारलेलं सांगते.

७६.६० लाख हे नफातोटा पत्रकातल्या "पगार व मजुरी"शी तंतोतंत जुळतं. त्याची फोड अशी: ईएसआयमधले १५ जण २८,८०,०००. पॉलिसीतले ११ जण ३७,४०,०००. ऑफिसातले दोन क्लार्क ५,७६,०००. आणि आमच्या अकाउंटंटने पीएफ-ईएसआयची मालकाची वर्गणी ४,६४,००० त्याच शीर्षकाखाली टाकली आहे.

११ जणांच्या ३७.४० लाखांत १,४०,००० साइटवर जाण्यायेण्याचे आणि मुक्कामाचे आहेत. पॉलिसीत वेतन म्हणजे "कायद्यातील व्याख्येप्रमाणे" एवढंच लिहिलं आहे.

ठेकेदाराचे कामगार परिशिष्टात आहेत! "ठेकेदारांचे कामगार समाविष्ट, वेतन ३,००,०००, इरेक्शन." मी हे आजवर वाचलंच नव्हतं. आमचे दोन ठेकेदार आहेत. पहिल्याचं बिल ११ लाख, त्याची स्वतःची पॉलिसी आहे. दुसऱ्याचं ७ लाख, त्याची नाही. पण सातांत क्रेनचं भाडं, रॉड, गॅस सगळं आहे. त्याच्या मस्टरप्रमाणे मजुरी ४,२०,०००.

एप्रिलमध्ये हिशेब दिला नव्हता. माहीतच नव्हतं.

---

स्वप्नील_सीए | १३ जून, सकाळी ८:१५

ही फोड तुमच्या सीएकडून सहीशिक्क्याने घ्या. नफातोटा पत्रकातली रक्कम वर, मग पगारपत्रकाप्रमाणे एकेक तुकडा, आणि शेवटी बेरीज पुन्हा ७६,६०,०००. ही बेरीज जुळली की समोरच्याला "काहीतरी लपवलं" म्हणता येत नाही. ईएसआयसाठी पोर्टलवरून महिनावार, कामगारनिहाय वर्गणीचा तपशील काढून जोडा. नुसतं चलन लावू नका, चलनात नावं नसतात.

---

जुना_अंडररायटर | १३ जून, सकाळी १०:००

स्वप्नीलजींनी सांगितलेला कागद हाच उत्तराचा कणा. आता त्या १५ जणांकडे पुन्हा बघा. वर्षात कोणाचा पगार २१,००० च्या वर गेला का? ईएसआयचे वर्गणी-काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. मध्येच पगार वाढला तरी तो काळ संपेपर्यंत माणूस ईएसआयमध्ये राहतो, मग बाहेर पडतो. बाहेर पडल्या दिवसापासून तो तुमच्या जबाबदारीवर येतो. नुसत्या ओव्हरटाइमने २१,००० ओलांडले तर मात्र बाहेर पडत नाही.

आणि पहिल्या ठेकेदाराची पॉलिसी प्रत्यक्ष हातात घेऊन तारखा वाचा. "आहे" हे त्याने तोंडी सांगितलेलं पुरत नाही.

---

अनघा_अंबड | १३ जून, रात्री ९:१५

काका, दोन्ही ठिकाणी चूक आमची निघाली.

दोन फिटरना जुलैत वाढ दिली, महिना २१,५०० झाले. सप्टेंबरपर्यंत ईएसआयमध्ये होते. ऑक्टोबरपासून ते दोघे ना ईएसआयमध्ये, ना पॉलिसीत. सहा महिने ते प्लेट कापत होते, गर्डरखाली उभे राहत होते, आणि त्यांच्यामागे काहीही नव्हतं. मिस्टरांना सांगितलं तेव्हा तेही बराच वेळ गप्प होते. दोघांचे सहा महिन्यांचे २,५८,००० होतात.

ठेकेदाराची पॉलिसी १२ जून २०२३ पासून सुरू आहे. १ एप्रिल ते ११ जून त्याच्याकडे काही नव्हतं. त्या काळातली त्याच्या माणसांची मजुरी मस्टरप्रमाणे १,३५,०००.

हे मी स्वतःहून कंपनीला सांगू का? त्यांना माहीत नाही.

पिंपळगावकर | १३ जून, रात्री ९:४०

सांगू नका ना ताई. त्यांनी कुठे विचारलंय?

राजाभाऊ_इचलकरंजी | १३ जून, रात्री १०:०५

सांगा.

जुना_अंडररायटर | १४ जून, सकाळी ६:५०

सांगा. ईएसआयचा नावनिशीवार तपशील जोडलात की ऑक्टोबरपासून दोन नावं गळलेली त्यांना दिसणारच आहेत. शिवाय रक्कम बघा: २,५८,००० वर हजारी १२ म्हणजे ३,०९६ रुपये. एवढ्यासाठी २६ लाखांवरचा तुमचा खरा मुद्दा डागाळू नका. आणि त्या दोघांना या वर्षीच्या पॉलिसीत आजच घाला, उत्तराची वाट न बघता.

क्लार्कचं जरा नाजूक आहे. पूर्वी कारकुनी काम करणारे या कायद्याच्या बाहेर होते. १८ जानेवारी २०१० पासूनच्या दुरुस्तीत ते शब्द गेले, त्यामुळे "क्लार्क कामगारच नाही" असं लिहू नका. एवढंच म्हणा की परिशिष्टात ते नव्हते, त्यांचा विमा आम्ही मागितला नव्हता आणि कंपनीने दिला नव्हता.

पहिल्या ठेकेदाराबद्दलही कंपनी कदाचित अडून बसेल. कलम १२ प्रमाणे त्याच्या माणसाला तुमच्या कामावर लागलं, तर तो माणूस थेट तुमच्याकडे भरपाई मागू शकतो आणि तुम्ही मग ठेकेदाराकडून वसूल करायची. म्हणून "जोखीम होतीच" असं ते म्हणू शकतात. व्यवहारात ठेकेदाराची पॉलिसी दाखवली की बहुतेक शाखा वगळतात. पण तो हक्क समजू नका.

---

अनघा_अंबड | १५ जून, दुपारी ३:३०

मसुदा टाकते. कंपनीला इंग्रजीतून जाईल, इथे मराठीत:

"आपले ३ जूनचे पत्र मिळाले. मुदत संपल्यावर एका महिन्यात वेतनाचा हिशेब द्यायचा राहिला, ही आमची चूक आहे. तो हिशेब सोबत देत आहोत.

आपल्या मागणीतील ७६,६०,००० ही रक्कम आमच्या नफातोटा पत्रकातील पगार व मजुरी या शीर्षकाची आहे. तिची फोड सीएच्या प्रमाणपत्रात आहे. त्यातील ईएसआय योजनेतील कामगारांचे वेतन, मालकाची पीएफ व ईएसआय वर्गणी, आणि परिशिष्टात नसलेल्या दोन कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा पगार या पॉलिसीच्या वेतनात येत नाही.

परिशिष्टातील ११ कामगारांचे वेतन, साइटचा प्रवास व मुक्काम खर्च १,४०,००० वगळून, ३६,००,००० आहे. घोषित ३३,००,०००. फरक ३,००,०००, हप्ता ३,६०० रुपये.

दोन कामगार १ ऑक्टोबर २०२३ पासून ईएसआयबाहेर गेले, हे कळवायचे राहिले. त्यांचे वेतन २,५८,०००, हप्ता ३,०९६ रुपये.

ठेकेदारांच्या कामगारांचे वेतन ५,५५,०००: एकाची वर्षभराची मजुरी ४,२०,००० आणि दुसऱ्याची, त्याची स्वतःची पॉलिसी सुरू होण्यापूर्वीची, १,३५,०००. घोषित ३,००,०००. फरक २,५५,०००, हप्ता ७,६५० रुपये. बिलांतील उर्वरित रक्कम क्रेन भाडे, साहित्य आणि विमा असलेल्या ठेकेदाराची आहे. मस्टर, बिले व ठेकेदाराची पॉलिसी सोबत आहे.

एकूण १४,३४६ रुपये अधिक जीएसटी २,५८२.२८, म्हणजे १६,९२८.२८ रुपये आज भरत आहोत. उर्वरित मागणी आम्हाला मान्य नाही आणि ही भरणा तिची कबुली समजू नये. कोणत्या कामगारासाठी, कोणत्या महिन्याच्या, कोणत्या वेतनावर ती आकारली आहे याचा तपासनीसाचा तक्ता द्यावा आणि सुधारित मागणी पाठवावी."

---

जुना_अंडररायटर | १५ जून, संध्याकाळी ५:१०

चांगलं आहे. फक्त नुकसानभरपाई कायद्यातली वेतनाची व्याख्या आणि ईएसआयचं कलम ५३ यांचा उल्लेख त्या-त्या परिच्छेदात करा, शाखेतल्या माणसाला वर फाइल पाठवताना आधार लागतो. साइट खर्चाची व्हाउचरं आहेत ना? सरसकट महिना ठरलेला भत्ता असेल तर तो वेतन धरतील, प्रत्यक्ष खर्च असेल तर सुटेल.

पत्र शाखेला द्या आणि प्रत कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवा, दोन्हीकडची पोच घ्या. नकार आला किंवा महिनाभर उत्तर नाही आलं, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. हप्त्याचे वाद तिथे चालतात आणि तुमची फर्म प्रोप्रायटरी असल्याने दारही उघडं आहे. नाशिकसाठी पुण्याचं कार्यालय. वकील लागत नाही.

---

अनघा_अंबड | १९ जुलै, रात्री ९:००

उत्तर आलं. ईएसआयचे सगळे निघाले. वर्गणी निघाली. ठेकेदारांबद्दल आमचा आकडा जसाच्या तसा मान्य. साइट खर्चात ९५,००० ची व्हाउचरं होती तेवढे मानले, ४५,००० ची नव्हती ते वेतनात धरले, त्याचे ५४० रुपये. पण क्लार्क सोडले नाहीत. ५,७६,००० वर हजारी १२ प्रमाणे ६,९१२ रुपये. म्हणजे १,१४,८३८ ची मागणी आता एकूण २५,७२१.६४ वर आली आणि भरलेले वजा जाता ८,७९३.३६ बाकी.

व्हाउचरचे जीएसटीसह ६३७.२० उद्या भरते. ते बरोबर आहेत. क्लार्कचं काय करू?

---

स्वप्नील_सीए | १९ जुलै, रात्री ९:३५

८,१५६ रुपयांसाठी लोकपालापर्यंत जाण्यात तुमचे चार दिवस जातील. मी असतो तर भरून मोकळा झालो असतो.

जुना_अंडररायटर | २० जुलै, सकाळी ७:२०

मला ते पटत नाही. एकदा भरलंत की पुढच्या तपासणीत तोच पायंडा दाखवतील, आणि वर वर्कशॉपच्या दराने. टेबलावर बसून बिलं करणाऱ्या माणसाला गॅस कटरवाल्याचा दर लावणं चूक आहे. आधी एकच प्रश्न लेखी विचारा: या दोघांपैकी कोणाला गेल्या वर्षी अपघात झाला असता, तर कंपनीने या पॉलिसीखाली दावा दिला असता का? "हो" म्हणाले तर तसं पुष्टीपत्र मागा आणि क्लार्कचा दर लावायला सांगा. "नाही" म्हणाले तर हप्ता मागायचा प्रश्नच उरत नाही. कंपनी यात काय म्हणेल, खरंच सांगता येत नाही. मी दोन्ही प्रकारचे निर्णय होताना पाहिले आहेत.

अनघा_अंबड | २० जुलै, दुपारी १२:४५

हेच विचारते. पत्र सोमवारी देईन.

दोघे फिटर १४ जूनपासून पॉलिसीत आले आहेत, पुष्टीपत्र हातात आहे. दुसऱ्या ठेकेदाराला सांगितलं की पॉलिसीची प्रत आल्याशिवाय सिन्नरच्या साइटवर माणसं चढवायची नाहीत. तो म्हणतोय त्याच्याकडे फक्त सहा माणसं आहेत, एवढ्यांची पॉलिसी कोणी देत नाही. खरंच देत नाहीत का? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

राजाभाऊ_इचलकरंजी | २० जुलै, दुपारी १:१०

देतात. माझ्याकडे सहाच आहेत.